जीसी तेवढंच, मग वितळण तापमान वेगळं का?

[दृश्य: स्क्रीनवर दोन ओळी]

```
5'-GCAAAAACG-3'
5'-GCATATACG-3'
```

निवेदन:
नऊ-नऊ बेसचे डीएनएचे हे दोन धागे नीट पाहा. प्रत्येकाला त्याचा पूरक धागा जोडीदार म्हणून जुळतो. दोन्हींत जी आणि सी मिळून चार, ए आणि टी मिळून पाच. बेस मोजून वितळण तापमान काढायचा झटपट नियम सांगतो की प्रत्येक ए-टी जोडीला 2 अंश आणि प्रत्येक जी-सी जोडीला 4 अंश धरा. त्या हिशेबानं दोन्हींचं उत्तर 26 अंश सेल्सिअस.

आता शेजारी-शेजारी बेसच्या ऊर्जा मांडून हिशेब करू. मीठ 1 मोलर, प्रत्येक वेळी धागा आणि त्याचा जोडीदार मिळून 4 मायक्रोमोलर. पहिल्याचं वितळण तापमान येतं सुमारे 41 अंश, दुसऱ्याचं 36.

प्रश्न:
वितळण तापमान म्हणजे नेमकं काय?

निवेदन:
ज्या तापमानाला निम्म्या जोड्या सुटून धागे सुटे झालेले असतात, ते. दोन धाग्यांचा गोफ उलगडला की 260 नॅनोमीटरचा प्रकाश डीएनए जास्त शोषतो. तापमान वाढवत गेलं की शोषणाचा आलेख आधी सपाट जातो, मग झपकन चढतो आणि वर पुन्हा सपाट होतो.

प्रश्न:
जी-सीत तीन हायड्रोजन बंध, ए-टीत दोन. फरक तिथूनच येतो, असंच शिकवतात ना?

निवेदन:
तसं शिकवतात, पण ते अर्धवट आहे. धागे सुटले म्हणून बेस बंधांविना राहत नाहीत. भोवतीचं पाणी लगेच त्यांच्याशी हायड्रोजन बंध जोडतं. त्यामुळे जोडी तुटल्याचा निव्वळ तोटा फार थोडा असतो.

[दृश्य: गोफाचं जवळून चित्र, एकावर एक चपटे बेस]

गोफ मुख्यतः टिकतो तो चवडीमुळे. भाकऱ्यांची चवड असते तसे चपटे बेस एकावर एक बसतात. यालाच बेस स्टॅकिंग म्हणतात. 2006 साली फ्रँक-कामेनेत्स्की यांच्या गटानं चवडीचा आणि जोडीचा वाटा वेगवेगळा मोजला. ए-टीची जोडी जुळण्यानं स्थैर्य उलट किंचित घटतं आणि जी-सीच्या जोडीनं जवळपास काहीच मिळत नाही, असं त्यांना दिसलं. जी आणि सी असलेल्या चवडी जास्त घट्ट बसतात, म्हणून जीसी वाढलं की तापमान वाढतं.

आपल्या दोन धाग्यांत टोकं सारखीच आहेत, फरक फक्त मधल्या चार पायऱ्यांचा. धाग्यावरचे शेजारचे दोन बेस म्हणजे एक पायरी. ए-वर-ए ही पायरी 37 अंशांना 1.00 किलोकॅलरी प्रति मोल इतकं स्थैर्य देते. ए-नंतर-टी 0.88 देते. टी-नंतर-ए मात्र जेमतेम 0.58, सगळ्या दहा पायऱ्यांत सर्वांत दुबळी. पहिल्या धाग्यात चार वेळा 1.00, म्हणजे 4.00. दुसऱ्यात दोनदा 0.88 आणि दोनदा 0.58, म्हणजे 2.92. उरलेल्या 1.08 मुळेच जवळपास पाच अंशांची तफावत पडते.

प्रश्न:
मग जीसीचं प्रमाण बघायचंच नाही का?

निवेदन:
हजारो जोड्यांच्या लांब डीएनएसाठी जरूर बघा. तिथं सगळ्या पायऱ्या मिसळून सरासरी निघते. मार्मर आणि डोटी यांनी 1962 मध्ये दाखवलेलं सूत्र 0.15 मोलर मीठ आणि 0.015 मोलर सोडियम सायट्रेटच्या द्रावणासाठी आहे, त्यात Tm म्हणजे वितळण तापमान:

```
Tm = 69.3 + 0.41 × (%GC)
```

हेच सूत्र नऊ बेसच्या तुकड्याला लावलं, तर उत्तर 87 अंशांच्या वर येतं. ते निव्वळ चुकीचं आहे.

प्रश्न:
प्रयोगशाळेत कुठे फसतं?

निवेदन:
पहिली चूक बफरची. ट्रिस या बफरचा पीएच तापमानाबरोबर घसरतो, दर अंशाला सुमारे 0.03. त्याऐवजी फॉस्फेट घ्या. द्रावणातली हवा आधी काढून टाका, नाहीतर नमुना ठेवायच्या क्युव्हेटच्या भिंतीवर बुडबुडे धरतात आणि आलेख उड्या मारतो. वर खनिज तेलाचा पातळ थर द्या, म्हणजे बाष्पीभवन होऊन द्रावण घट्ट होणार नाही. तापमान मिनिटाला अर्धा अंश या गतीनं चढवा आणि तसंच उतरवा. चढता आणि उतरता आलेख एकमेकांवर बसले नाहीत, तर गती जास्त होती असं समजा.

दुसरी अडचण जास्त फसवी आहे. एखादा धागा स्वतःवरच दुमडून हेअरपिन बनवतो, आणि आलेख मात्र अगदी देखणा येतो. तो ओळखायला डीएनएचं प्रमाण दहापट करा आणि 1 सेंटिमीटरऐवजी 1 मिलिमीटरच्या क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये मोजा. प्रकाशाची वाट दहापट कमी झाल्यानं शोषण आधीइतकंच राहतं. आपला पहिला धागा खरोखर जोडीदाराशीच जुळत असेल, तर 41 वरून सुमारे 48 अंशांवर जाईल, कारण गर्दीत जोडीदार लवकर सापडतो. हेअरपिनला जोडीदार लागतच नाही, तिचा आकडा जागचा हलत नाही.

[दृश्य: दोन आलेख शेजारी-शेजारी, एक उजवीकडे सरकलेला, दुसरा जागच्या जागी]