अंग आंबतं, पण आम्लाने नाही

नमस्कार, श्रोतेहो.

सुट्टीनंतर मैदान पुन्हा सुरू होतं. सोमवारी सकाळी सर शंभर बैठका काढायला लावतात. त्या दिवशी काही वाटत नाही. मंगळवारी उठताना मांड्या भरलेल्या असतात आणि बुधवारी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. शुक्रवार-शनिवारपर्यंत सगळं ओसरतं. या दुखण्याला आपण म्हणतो, अंग आंबलं. शब्द इतका नेमका वाटतो, की त्याच्या जोडीला लॅक्टिक ॲसिड, म्हणजे दह्यातलं आम्ल, अगदी सहज येऊन बसतं. ‘स्नायूत लॅक्टिक ॲसिड साचलंय, ते पळून काढ,’ हे वाक्य राज्यातल्या प्रत्येक मैदानावर ऐकू येतं. पण दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी या आम्लाचा संबंध नाही. तो का नाही, हे मैदानावरच्या एका साध्या प्रयोगातून बघता येतं.

गुडघ्याच्या थोडं खाली येईल इतक्या उंचीचं, न हलणारं बाक किंवा पायरी घ्या. चढताना उजवा पाय आधी वर ठेवायचा आणि त्याच्याच जोरावर शरीर वर उचलायचं. डावा पाय वर आला, की उतरताना पुन्हा उजवाच पाय आधी खाली न्यायचा. असं दहा मिनिटं, एका लयीत करायचं. आता काय घडतं पाहा. वर उचलण्याचं सगळं काम उजव्या मांडीने केलं. खाली येताना मात्र डावा पाय वर राहिला, वाकत गेला आणि शरीराचं वजन तोलत, रोखत त्याने ते सावकाश खाली सोडलं. प्रयोग चालू असताना विद्यार्थ्याला विचारलं, तर तो सांगेल की उजवी मांडी थकली, तिथेच जळजळतंय. दोन दिवसांनी विचारा. दुखत असते डावी मांडी. (उजवी पोटरीही थोडी दुखू शकते, कारण जमिनीवर चवड्याने टेकताना धक्का तिने सोसलेला असतो.)

असाच प्रयोग शास्त्रज्ञांनीही करून पाहिला आहे आणि निष्कर्ष हाच निघाला. चढण्याच्या कामाला जास्त ऊर्जा लागते, म्हणजे लॅक्टेटही, शरीरात या लॅक्टिक ॲसिडचं जे रूप असतं ते, त्याच पायात जास्त तयार होतं. दुखणं त्यामुळे असतं, तर उजवी मांडी दुखायला हवी होती. 1983 साली अमेरिकेत हीच शंका थेट तपासली गेली. माणसांना ट्रेडमिलवर 45 मिनिटं पळवलं, एकदा सपाटीवर आणि एकदा दहा टक्के उतारावर. सपाटीवर पळताना रक्तातलं लॅक्टेट वाढलं, पण नंतर दुखलं नाही. उतारावर लॅक्टेट जवळजवळ वाढलंच नाही, आणि पाय मात्र चांगलेच दुखले. गड चढताना दम लागतो आणि पाय भरतात ते उतरल्यावर, हे ट्रेकिंगवाल्या मंडळींना या आकड्यांशिवायही ठाऊक असतं.

मग हा समज आला कुठून? 1907 साली केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाचे स्नायू थकेपर्यंत आकुंचित केले, तेव्हा त्यांत लॅक्टिक ॲसिड साचलेलं आढळलं. पुढे हिल आणि मायरहोफ यांना स्नायूंतली उष्णता आणि लॅक्टिक ॲसिड यांवरच्या कामासाठी 1922चं नोबेल मिळालं. त्यामुळे थकवा म्हणजे आम्ल हे समीकरण पक्कं झालं आणि कुणीतरी तेच दुसऱ्या दिवशीच्या दुखण्यालाही चिकटवलं. गंमत अशी, की त्याच्याही आधी, 1902मध्ये, थिओडोर हफ या अमेरिकी शास्त्रज्ञाने बोटांच्या स्नायूंवर काम करून सांगितलं होतं की थकव्याचं दुखणं आणि उशिरा येणारं दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरं दुखणं स्नायूच्या आत काहीतरी फाटल्यामुळे येत असावं.

लॅक्टेटबद्दल थोडं सांगतो, कारण त्याची उगाच बदनामी झाली आहे. 400 मीटर जीव तोडून पळाल्यावर रक्तातलं लॅक्टेट विश्रांतीच्या पातळीच्या दहा-पंधरा पट किंवा त्याहूनही वर जातं. पण तासाभरात ते जवळपास पूर्ववत होतं, आणि हलकं जॉगिंग केलं तर त्याहून लवकर. ते कुठे जातं? हृदय आणि स्नायूंतले सावकाश काम करणारे तंतू ते इंधन म्हणून जाळतात, यकृत त्यातून पुन्हा साखर बनवतं. म्हणजे संध्याकाळी घरी जाईपर्यंत जे संपलेलं असतं, ते परवा सकाळी कसं दुखवणार? शर्यत चालू असतानाची जळजळ ही वेगळी बाब. त्या क्षणी स्नायूत आम्लता वाढते, फॉस्फेट आणि इतर पदार्थ साचतात, आणि ते सगळं मिळून जळजळ होते. थांबल्यावर काही मिनिटांत ती ओसरते. मध्येच पोटरीत येणारा गोळा हाही तिसराच प्रकार आहे, त्याला यात आणायला नको.

आता खरं कारण. स्नायू ताकद लावतो तेव्हा तो आखडतो, असं आपण मानतो. पण ताकद लावत असतानाच तो लांबलाही जाऊ शकतो. बैठकीत खाली जाताना मांडी, जोर काढताना खाली येणारी छाती, डंबेल हळूच खाली सोडताना दंड, उडी मारून टेकताना पोटरी, कबड्डीत धावता धावता एकदम थांबताना पुन्हा मांडी. अशा वेळी स्नायू ब्रेकचं काम करतो. तेवढंच वजन पेलायला त्यातले कमी तंतू कामाला लागतात, त्यामुळे प्रत्येक तंतूवर ताण जास्त पडतो. प्रत्येक तंतू हजारो बारीक खणांच्या साखळीसारखा असतो. त्यातले कमकुवत खण जास्त ताणले जातात आणि खणांमधल्या भिंती वाकड्या होतात. 1980च्या दशकात स्वीडनमध्ये माणसांना जिने उतरवून त्यांच्या पोटरीतला बारीकसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा या भिंतींच्या अशाच विस्कटलेल्या रेषा दिसल्या.

पण हे तर व्यायाम करतानाच घडतं. मग दुखणं उशिरा का? कारण झालेली इजा स्वतः दुखत नाही. तिची दुरुस्ती सुरू झाली की भोवती थोडी सूज येते, पेशी गोळा होतात, आणि स्नायू व त्यावरच्या आवरणातल्या मज्जातंतूंना हळवं करणारे पदार्थ तयार होतात. याला तास लागतात. म्हणून साधारण 12 ते 24 तासांनी दुखू लागतं, 24 ते 72 तासांत ते शिगेला पोहोचतं आणि पाच ते सात दिवसांत जातं. आणि म्हणूनच स्वस्थ बसलं की दुखत नाही, दाबलं किंवा ताणलं की दुखतं. नस नुसती हळवी झालेली असते.

प्रशिक्षकांनी एक गोष्ट खास लक्षात घ्यावी. ताकद मात्र उशिरा नाही, लगेच कमी होते आणि भरून यायला काही दिवस घेते. बुधवारी मुलगा बरा हसतखेळत दिसला, तरी त्याची उडी आणि वेग कमीच असतात. त्या दिवशी चाचणी घेतली, तर आकडे खोटे निघणार. उलटही खरं आहे. किती दुखतंय यावरून किती इजा झाली हे ठरत नाही, आणि व्यायाम चांगला झाला हेही नाही. ‘दुखलं नाही म्हणजे अंगाला लागलंच नाही’ असं म्हणणाऱ्या सरांनी आपल्याच संघातल्या जुन्या खेळाडूकडे बघावं. तो तेवढ्याच बैठका काढतो आणि त्याला काही होत नाही. एकदा थोडा ताण सोसलेला स्नायू पुढचे कित्येक आठवडे त्याच ताणाला कमी बळी पडतो. दुखण्यावरचा सगळ्यात खात्रीचा उपाय इथेच आहे.

धावपटू, फुटबॉलपटू आणि कबड्डीपटूंना मांडीच्या मागच्या स्नायूसाठी करायला देतात तो नॉर्डिक व्यायाम घेऊ. चटईवर गुडघे टेकून उभं राहायचं, साथीदाराने मागून घोटे दाबून धरायचे. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत शरीर एका रेषेत ठेवून हळूहळू पुढे झुकायचं आणि पडणं शक्य तितकं लांबवायचं. शेवटी हातांवर टेकायचं आणि हातांनीच ढकलून परत यायचं. परत येताना मांडीने ओढायचं नाही. हा व्यायाम म्हणजे नुसता ब्रेकच ब्रेक. पहिल्या दिवशी तीस वेळा करायला लावला, तर चार दिवस मुलं वाकू शकत नाहीत आणि व्यायामालाच कायमचा नकार देतात. नॉर्वेत 2004मध्ये वापरलेली मांडणी वेगळी होती. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, दोन फेऱ्या, प्रत्येकी पाच वेळा. दुसऱ्या आठवड्यात दोन दिवस, दोन फेऱ्या, सहा वेळा. तिसऱ्यात तीन दिवस, तीन फेऱ्या, सहा ते आठ. चौथ्यात तीन फेऱ्या, आठ ते दहा. पहिल्या दिवसाचे ते दहा झोक फारच कमी वाटतात, पण त्यांचं काम ताकद वाढवणं नाहीच. स्नायूला ओळख करून देणं एवढंच त्यांचं काम. बैठकांचंही असंच करा. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी दहा-दहाच्या दोन फेऱ्या घ्या, दोन-तीन दिवस जाऊ द्या, मग वाढवा.

दुखायला लागलंच तर? हलकं चालणं, सायकल, यांनी तात्पुरतं बरं वाटतं, थांबलं की पुन्हा जाणवतं. मालिशने दुखणं काहीसं कमी होतं, मात्र त्यातून कुठलंही ॲसिड ‘निघत’ नाही. व्यायामाच्या आधी किंवा नंतर ताण देण्याने, म्हणजे स्ट्रेचिंगने, या दुखण्यात नगण्यच फरक पडतो, असं अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलं. ताण द्यायचा तर लवचिकतेसाठी द्या. दुखणाऱ्या स्नायूला त्या दिवशी ब्रेकचं काम नको. मांड्या दुखत असतील तर हातांचा व्यायाम घ्या, नाहीतर सपाटीवर सावकाश पळवा.

शेवटी ओळखीच्या खुणा. आंबलेलं अंग दोन्ही बाजूंना, पसरट आणि बोथट दुखतं, आणि उशिरा दुखतं. पळता पळता कट्‌कन चमकलं, एकाच जागी बोट ठेवता येतं, तिथे निळंकाळं पडलं, तर स्नायू फाटला असू शकतो. दुखणं सांध्यात असेल, तर तेही वेगळं. आणि एक खूण अशी, की ती दिसली तर वाट बघायची नाही. शिक्षा म्हणून शेकडो बैठका काढायला लावल्या, बहुधा उन्हात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या टणक सुजल्या, पाय उचलवेना, लघवी कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकू लागल्याचं हे लक्षण आहे. अशा मुलाला वेदनाशामक गोळी देऊन झोपवू नका, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला आणखी त्रास देतात. त्याला त्याच तासाला रुग्णालयात न्या आणि किती बैठका झाल्या, कधी झाल्या, हे डॉक्टरांना नेमकं सांगा.

नमस्कार.