साहेबांचा वाढदिवस आणि आपलं क्रियापद

(कार्यालयीन कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मागच्या कार्यशाळेत एका मुलाने मला मोबाइल दाखवला. सुट्या भागांच्या गोदामात नोकरीला लागून त्याला आठ महिने झाले होते. दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा वाढदिवस, आणि मजकूर तयार होता: ‘आदरणीय सर, आपण आमच्यासाठी केवळ मॅनेजर नसून वडिलांसारखे आहात. आपल्या मार्गदर्शनाशिवाय आम्ही शून्य आहोत. आपल्यासारखं नेतृत्व लाभणं हे आमचं भाग्य आहे. वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा!’

मी म्हटलं, यातली क्रियापदं मोज. आहात, आहोत, आहे. तीन वाक्यं संपली तरी शुभेच्छा आलेलीच नाही. साहेब कोण आहेत, आपण किती क्षुद्र आहोत, एवढंच त्यात आहे. चौथ्या वाक्यात शुभेच्छा आल्या, त्याही ‘कोटी कोटी’ होऊन. हा चौकातल्या फ्लेक्सचा संस्कार. तिथे खाली पंचवीस फोटो असतात, म्हणून ते खपून जातं. इथे खाली एकट्याचं नाव जाणार होतं.

मराठीत शुभेच्छेसाठी वेगळं रूपच आहे: लाभो, मिळो, होवो, राहो. ‘तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो’ या वाक्यात कर्ता आरोग्य आहे, साहेब नाहीत. साहेब कसे आहेत याबद्दल ते वाक्य अवाक्षरही काढत नाही. त्यामुळे त्यात खुशामत शिरायला जागाच उरत नाही, आणि आदरही कमी पडत नाही. ‘अभीष्टचिंतन’ या जुन्या शब्दात तरी दुसरं काय आहे? जे हवंसं आहे ते मिळावं, असं मनात आणणं. (तो लिहायचाच असेल तर ‘भी’ दीर्घ. निम्म्या शुभेच्छापत्रांत तो ऱ्हस्व असतो.)

मुलगा म्हणाला, ‘पण सर, एवढंच लिहिलं तर कोरडं वाटेल. त्यांनी मला खरंच शिकवलंय.’ मग मी विचारलं, काय शिकवलं? बराच वेळ तो ‘खूप काही’ म्हणत राहिला. शेवटी सापडलं. जुलैच्या स्टॉक-तपासणीत ४४ बेअरिंगचा फरक येत होता. कपाटात ४ खोकी होती, प्रत्येकात १२ नग. याने पत्रकात नुसते ४ लिहिले होते, नगाच्या रकान्यात. मॅनेजर संध्याकाळी त्याच्याशेजारी बसले आणि म्हणाले, आकडा नंतर बघ, आधी एकक बघ.

आता त्याने लिहिलं: ‘जुलैच्या तपासणीत तुम्ही शेजारी बसून एकक आधी बघायला शिकवलंत, ते कायम लक्षात राहील.’ माहिती खरी, भावना खरी. पण ‘लक्षात राहील’ एकदा मोठ्याने म्हणून बघा. आपल्याकडे हे वाक्य भांडणाच्या शेवटीही येतं! म्हणून ते बदललं: ‘त्याचा मला रोज उपयोग होतो.’ विशेषण एकही नाही. साहेब थोर आहेत की नाहीत, हे त्यांचं त्यांनी ठरवावं.

‘आपण’चं काय करायचं? हा मुलगा रोज त्यांना ‘सर, तुम्ही’ म्हणतो. वाढदिवसापुरतं ‘आपण’ केलं की मजकूर लग्नपत्रिकेसारखा दिसायला लागतो. काल जे सर्वनाम वापरलं तेच आज ठेवावं. जिथे मॅनेजरला नावाने आणि ‘तू’ म्हणून हाक मारतात, तिथे एकदम ‘आपणांस’ लिहिलं तर समोरच्याला वाटेल, थट्टा चालली आहे. सरकारी कचेरीत मात्र ‘साहेब, आपणांस’ हीच रोजची भाषा असते, तिथे ते शोभतं.

उरला ग्रुपचा प्रश्न. बेअरिंगचं वाक्य ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. ते तिथे पडलं की बाकीचे आपापले बेअरिंग शोधायला लागतात, आणि दुपारपर्यंत स्पर्धा सुरू होते. ग्रुपवर शुभेच्छा आणि एक ‘लाभो’, बास. ज्या मॅनेजरशी आपलं फारसं जमत नाही, त्यांनाही तेवढंच. तेही खोटं नसतं. चांगलं आरोग्य कुणालाही लाभावं. आठवण खाजगीत. आणि मार्चमध्ये वाढदिवस येत असेल, पगारवाढीचे कागद साहेबांच्या टेबलावर असतील, तर आठवणीचं वाक्य खाजगीतही नको. खरं असलं तरी त्याला अर्जाचा वास येतो. ते एप्रिलनंतर चहा घेताना तोंडी सांगावं.

त्या मुलाने शेवटी पाठवलं ते असं: ‘सर, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. जुलैच्या तपासणीत तुम्ही शेजारी बसून आधी एकक बघायला शिकवलंत, त्याचा मला रोज उपयोग होतो. तुम्हाला उत्तम आरोग्य लाभो.’

दोन दिवसांनी त्याने मला उत्तर दाखवलं. ‘थँक्यू. ग्रीसचे डबे किलोत लिहिलेत की नगात?’