हापशाचा दांडा आणि बादलीतला हिशोब

(जालना जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांच्या मेळाव्यातलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

पत्रिकेत माझा विषय 'साधी यंत्रे : यांत्रिक फायदा आणि कार्यक्षमतेची उदाहरणे' असा छापलाय. मला चाळीस मिनिटं दिली आहेत. सहाही साधी यंत्रं आज घेणार, असं मी संयोजकांना सांगितलं होतं. ते होईल असं वाटत नाही, कारण मी हापशापासून सुरुवात करणार आहे, आणि हापसा एकदा हातात आला की लवकर सुटत नाही.

आधी तक्रार मांडतो. तरफ शिकवताना आपण काय करतो? कात्री पहिल्या प्रकारची, अडकित्ता दुसऱ्या, चिमटा तिसऱ्या. पोरं पाठ करतात, परीक्षेत जोड्या लावतात, विषय संपला. मग गणित येतं आणि त्याच्या शेवटी कंसात एक वाक्य असतं : 'घर्षण नगण्य माना.' ते मानलं की कार्यक्षमता १०० टक्के येते, आणि १०० टक्के आली की कार्यक्षमतेचा धडा शिकवायचं कारणच उरत नाही. पुढच्याच पानावर 'कोणत्याही यंत्राची कार्यक्षमता १०० टक्के नसते' असं ठळक अक्षरात छापलेलं असतं. पोरगं बिचारं दोन्ही पाठ करतं. (हशा) हसू नका, आपणच प्रश्नपत्रिका काढतो.

म्हणून हापसा. शाळेच्या आवारात नसेल तर गल्लीत असतो, आणि आपल्या भागाचं त्याच्याशी नातं आहे. पूर्वीचे ओतीव लोखंडाचे पंप एका घराला पुरतील अशा बेताचे होते. गावात त्यांच्यावर दिवसभर रांग लागायची. दांडा, कड्या, खिळी अशा सांध्यासांध्यांत झीज व्हायची, मग दांडाच मोडायचा. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात इथल्या, म्हणजे जालन्याच्या, मिशनच्या पाणीकामातून पोलादी, एकाच टेकूवर फिरणारा पंप पुढे आला. त्याला 'जालना पंप' म्हणतात. तीच कल्पना सोलापूरला सुधारली गेली, आणि १९७० च्या दशकात युनिसेफच्या सहभागाने त्यातून 'इंडिया मार्क टू' तयार झाला. १९७२ च्या दुष्काळाबद्दल ज्यांनी घरात ऐकलंय, त्यांना बोअर आणि हापसा हे शब्द जोडीनं का येतात ते सांगायला नको.

आता तो उघडून बघू. वरच्या पेटीचं झाकण काढलं की आडवा आस दिसतो, दोन बॉल बेअरिंगवर बसलेला. तो टेकू. आपल्याकडे लांब दांडा, पलीकडे चापासारखी वाकवलेली लोखंडी पट्टी, तिच्यावरून खाली उतरणारी साखळी. साखळीला रॉड, रॉडला खोल सिलेंडरमधला दट्ट्या. टेकू मध्ये, म्हणून पहिल्या प्रकारची तरफ. जोड्या लावा संपलं.

ती पट्टी चापासारखीच का? हा प्रश्न वर्गात जरूर विचारा. बलाचं आघूर्ण म्हणजे बल गुणिले टेकूपासूनचं लंब अंतर. दांड्याच्या टोकाला थेट रॉड अडकवला असता, तर दांडा वरखाली होताना ते टोक आतबाहेर सरकलं असतं, लंब अंतर बदललं असतं आणि रॉड तिरका होऊन पाईपला घासला असता. चापावरून साखळी उतरते तेव्हा ती कायम एकाच रेषेत लटकते. भाराचं लंब अंतर दांड्याच्या कुठल्याही स्थितीत तेवढंच राहतं. मात्र साखळी फक्त ओढते, ढकलत नाही. दट्ट्या खाली जातो तो रॉडच्या वजनाने. बोअर उथळ असेल तर रॉड हलका पडतो, साखळी ढिली होते आणि झटके बसतात. म्हणून हा पंप खोल पाण्याचा.

मापं घेऊ. सिलेंडरचा आतला व्यास अडीच इंच, म्हणजे ६३.५ मिलिमीटर. क्षेत्रफळ साधारण ३२ चौरस सेंटिमीटर. दट्ट्याचा पूर्ण हेलकावा १२.५ सेंटिमीटर. दांड्याचं गुणोत्तर आठास एक. पाण्याची पातळी ३० मीटर धरू. सिलेंडर त्याहून खाली बुडालेला असतो, पण मोजायची ती पातळी. सिलेंडरची खोली मोजायची नाही. इथे बरेच जण चुकतात.

दट्ट्यावरचा पाण्याचा भार : ३२ गुणिले ३००० म्हणजे ९६,००० घन सेंटिमीटर, ९६ किलो. इथे एखादं चुणचुणीत पोरगं हात वर करतं : 'सर, वरचा पाईप तर सव्वा इंची आहे, त्यात पाणी तीस लिटरसुद्धा नाही, मग ९६ किलो आले कुठून?' त्या पोराला गप्प बसवू नका. पाईपात पाणी साधारण २७ किलो असतं हे खरंच आहे. पण दट्ट्या १ सेंटिमीटर वर सरकला की सिलेंडरमधलं ३२ घन सेंटिमीटर पाणी अरुंद पाईपात घुसतं, आणि पाईपातलं पाणी साडेतीन सेंटिमीटर चढतं. २७ किलो साडेतीन सेंटिमीटर चढवा किंवा ९६ किलो एक सेंटिमीटर, काम जवळपास तेवढंच. पाईपातही एक तरफ लपलेली आहे, फक्त ती उलटी, तोट्याची.

रॉडचंही वजन असतंच, पण आपल्या बाजूचा दांडा भरीव लोखंडाचा आहे. ही दोन वजनं एकमेकांना बरीचशी काटतात, म्हणून आज ती सोडून देऊ. भाराची भुजा १५ सेंटिमीटर धरली तर भाराचं आघूर्ण ९६० न्यूटन गुणिले ०.१५ मीटर, म्हणजे १४४ न्यूटन-मीटर. (गुरुत्व त्वरण १० घेतलंय.) बलाची भुजा १.२ मीटर. १४४ भागिले १.२ म्हणजे १२० न्यूटन, १२ किलोचा जोर. लहान पोरगी दांडा टोकाऐवजी मध्यावर धरते तेव्हा भुजा ०.६ होते आणि जोर २४ किलो लागतो. ती का लटकते ते कळलं?

इथवर घर्षण नगण्य. आता खरं मोजू. भाजीवाला वापरतो तसला लटकता स्प्रिंगचा काटा घ्या, दांड्याच्या टोकाला अडकवा आणि सावकाश खाली ओढा. दांडा आडवा असताना, पाणी पडत असताना वाचा. काटा दांड्याला काटकोनातच हवा. तिरका ओढला तर आघूर्ण तेवढंच लागतं पण लंब अंतर घटतं, आकडा फुगतो आणि दोष पंपाला जातो. समजा काटा १५ किलो दाखवतो.

यांत्रिक फायदा ९६ भागिले १५, म्हणजे ६.४. वेग गुणोत्तर ८. कार्यक्षमता ६.४ भागिले ८, म्हणजे ८० टक्के. वीस टक्के कुठे गेले? बेअरिंग ठीक असतील तर तिथे फार नाही. दट्ट्याची वाटी सिलेंडरला घासते, साखळीला ग्रीस नसतं, रॉड वाकला असेल तर पाईपला लागतो.

पुस्तक इथे थांबतं, आणि माझं भांडण इथेच आहे. यांत्रिक फायदा भागिले वेग गुणोत्तर हे सूत्र जोराला जोराशी ताडून बघतं. पाणी किती आलं, हे त्याला ठाऊकच नसतं. बादली ठेवा. पूर्ण हेलकाव्याला ३२ गुणिले १२.५, म्हणजे ४०० घन सेंटिमीटर पाणी यायला हवं. चाळीस हेलकाव्यांत १६ लिटर. प्रत्यक्षात १३ आलं. तीन लिटर वाटीच्या कडेने परत खाली उतरलं. ते उचलण्याचा जोर तुम्ही लावलेला होता, काट्याने तो दाखवलाही, पण घागरीत काही आलं नाही.

आता ऊर्जेने मोजा. दट्ट्या १२.५ सेंटिमीटर सरकतो तेव्हा हात आठपट, १ मीटर सरकतो. दिलेलं काम १५० न्यूटन गुणिले १ मीटर, १५० ज्यूल. मिळालेलं काम : हेलकाव्याला ०.३२५ लिटर, ३० मीटर वर, म्हणजे ९७.५ ज्यूल. कार्यक्षमता ६५ टक्के. ८० नाही. आणि ८० टक्क्यांना १६ पैकी १३ ने गुणलं तरी हेच ६५ येतात. घर्षणाचा तोटा काट्यात सापडतो, गळतीचा बादलीत. आणखी गंमत अशी की वाटी झिजली की घासणं कमी होतं, काटा १५ ऐवजी १४ दाखवतो, सूत्राने कार्यक्षमता वाढते आणि पाणी कमी येतं. (हशा)

दोष कुठे आहे तेही पोरांना काढू द्या. हापसा अर्धा तास कुणालाही वापरू देऊ नका, मग पाणी पडेपर्यंतचे हेलकावे मोजा. पहिल्या दोन-तीन हेलकाव्यांत पाणी आलं, पण धार बारीक आहे, तर वाटी झिजली. पंधरा-वीस मारावे लागले, तर पाईपातलं पाणी खाली उतरलंय : तळाची झडप किंवा पाईपाचा सांधा गळतोय. दांडा हलका लागतो, पाणी अजिबात नाही, तर रॉड तुटलाय किंवा सुटलाय.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं.

कप्पी : एकच स्थिर कप्पी असेल तर वेग गुणोत्तर १. फायदा फक्त दिशेचा, स्वतःचं वजन दोरावर टाकता येतं. आस कोरडा असेल तर ४० किलोला ५० लागतात, कार्यक्षमता ८० टक्के. सोडवून झालं.

उतरण : ट्रॉलीला ३ मीटरची फळी लावली, उंची १ मीटर, वेग गुणोत्तर ३. सोयाबीनचं ६० किलोचं पोतं ढकलायला पुस्तकी हिशोबाने २० किलो, प्रत्यक्षात ४५ लागले. यांत्रिक फायदा १.३३, कार्यक्षमता ४४ टक्के. वाईट यंत्र? हात सोडून बघा, पोतं जागेवर थांबतं. कार्यक्षमता निम्म्याच्या खाली गेली की भार आपोआप मागे येत नाही. ट्रॅक्टरखालचा स्क्रू जॅक याच कारणाने सुरक्षित आहे. म्हणून 'कार्यक्षमता जास्त तेवढं चांगलं' असं उत्तर आलं तर पूर्ण गुण देऊ नका.

चाक-आस आणि पाचर राहिले. पुढच्या वेळी.

एक गणित मात्र घेऊन जा. तोच हापसा, तोच दांडा, तोच ६.४ चा यांत्रिक फायदा. मार्चमध्ये पाणी ३० मीटरवर होतं, मे महिन्यात ४० वर गेलं. भार १२८ किलो, टोकाला जोर २० किलो. पाणी हेलकाव्याला तेवढंच. बाया म्हणतात हापसा जड झाला, मिस्त्री येतो आणि वाटी बदलतो. वर्गात विचारा, जोर १५ वर येईल का?