टार्गेट बदलायचं की बंद करायचं?

मिड-इयर रिव्ह्यूला बसण्याआधी प्रत्येक टार्गेटला एकच प्रश्न विचारा: हे उद्या शंभर टक्के पूर्ण झालं, तर कंपनीला त्याचा उपयोग आहे का? उत्तर ‘हो’ असेल, तर ते कितीही अवघड असो, तसंच ठेवा. ‘नाही’ असेल, तरच पुढची चर्चा. ही चाळणी लावली नाही, तर मागे पडलेलं प्रत्येक टार्गेट ‘प्राधान्यक्रम बदलले’ या नावाखाली निसटतं.

एक उदाहरण घेऊ. विक्री विभागातल्या एकीला वर्षभरात 48 नवे ग्राहक आणायचे होते. वेटेज 40. सहा महिने संपताना कंपनीनं ठरवलं की आता नवे ग्राहक नकोत, आहेत ते टिकवा. तोवर तिनं 21 आणले होते.

इथे बहुतेक मॅनेजर 48 चे निम्मे 24 धरतात आणि ती तीननं मागे आहे असं लिहून मोकळे होतात. पण वर्षाच्या सुरुवातीचा आराखडा काढून बघा. खरेदी वर्षाच्या उत्तरार्धात वाढते म्हणून पहिल्या सहामाहीत 18 च धरले होते. म्हणजे ती तीननं पुढे आहे. तुलना आराखड्याशी करायची, बाराने भागून नाही.

मग जुनं टार्गेट त्या तारखेला बंद करायचं: ‘आराखडा 18, आणले 21, वेटेज 20’. उरलेले 20 नव्या कामाला. एकूण वेटेज 100 च राहिलं पाहिजे. सिस्टिममध्ये जुन्या नोंदीवरच नवा आकडा टाकू नका. वर्षअखेरीस तिथे फक्त नवं टार्गेट दिसतं आणि पहिल्या सहा महिन्यांचं काम पुसलं जातं. जुनी नोंद बंद करा, नवी उघडा.

नवा आकडा ठरवताना घाई होते. समजा, पुढच्या सहा महिन्यांत 60 करार नूतनीकरणाला येणार आहेत आणि गेल्या वर्षी याच काळात चारातले तीन टिकले होते. म्हणजे काहीच वेगळं केलं नाही तरी 45 टिकतील. 51 मागणं रास्त आहे. 58 मागितले, तर तो हट्ट झाला. शिवाय पहिल्या महिन्यात येणारे करार तिच्या हातात जवळजवळ नसतातच, कारण ग्राहकाचा निर्णय आधीच झालेला असतो. ते करार मोजणीतून वगळा आणि आकडा त्या प्रमाणात कमी करा.

सगळ्यात घातक वाक्य म्हणजे ‘जुनंही जमेल तसं चालू ठेव’. त्यानं वेटेज नसलेलं काम गळ्यात पडतं, आणि डिसेंबर असो वा मार्च, वर्षअखेरीला कोणीतरी त्याचा हिशोब मागतंच. जुनं बंद म्हणजे बंद. हातात अर्धवट राहिलेले ग्राहक कोणाकडे सोपवायचे, तेही त्याच बैठकीत नावानिशी ठरवा.

आणि तुमच्या स्वतःच्या वरिष्ठांनी तुमचं टार्गेट अजून बदललं नसेल, तर टीमचं बदलू नका. तोवर दोन आठवड्यांपुरती कामं लिहून द्या, आकडा नंतर.