२१ रुपयांचा हिशेब

(दृश्य: मंदिराचा ओटा, सतरंजी, मधोमध पत्र्याची पेटी.)

मार्चची ३१ तारीख. सोलापूर जिल्ह्यातल्या एका वस्तीवरचा महिला बचत गट. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडे आणि वह्या तिसरीकडे, असा या गटाचा नियम आहे. त्यामुळे तिघी आल्याशिवाय बैठक सुरू होत नाही.

आज वर्षभराच्या व्याजाची वाटणी आहे. गटात दहा जणी, प्रत्येकीची बचत दरमहा १०० रुपये. नऊ जणी एप्रिलपासून आहेत. दहावी मात्र ऑक्टोबरात आली. लग्न होऊन वस्तीवर आलेली नवी सून. तिला किती द्यायचे, यावर सगळं अडलंय.

"बारातले सहा महिने ती आहे. आमच्या निम्मं द्या," एक काकू म्हणतात.

"कशाला निम्मं? सगळ्यांना सारखं वाटा," दुसऱ्या बाजूने आवाज येतो.

वही लिहिणाऱ्या ताई दोन्ही हात वर करतात. "काकू, आधी वाटायला आहेत किती ते तर बघू."

(दृश्य: कर्ज खतावणीचं एक पान, जवळून.)

व्याज येतं ते या पानावरून. जुलैत एका बाईने खतासाठी ३,००० रुपये उचलले. व्याज महिन्याला शेकडा २ रुपये, मुद्दलाचा हप्ता ५००. ऑगस्टमध्ये तिने ६० रुपये व्याज आणि ५०० मुद्दल भरलं. राहिले २,५००. म्हणून सप्टेंबरचं व्याज ५०, साठ नव्हे. अशा उतरत्या शिलकीवर सहा हप्त्यांत २१० रुपये व्याज होतं. दर महिन्याला मूळ ३,००० वरच ६० रुपये धरत गेलं, तर तेच ३६० होतं. म्हणजे एका गरजू बाईच्या पदरचे १५० रुपये जास्तीचे जातात. आणि लिहिणारीला वाटत राहतं, आपण तर शेकडा दोननेच घेतोय.

ऑक्टोबरची ओळ बघा. पावसाने कांदा सडला, तिने ५४० च्या जागी ३०० च आणले. तेव्हा २,००० वरचं ४० रुपये व्याज आधी वेगळं काढलं आणि उरलेले २६० मुद्दलात वळते केले. शिल्लक १,७४०. घाईत सगळे ३०० मुद्दलात लिहिले असते, तर गटाचे ४० रुपये कायमचे गेले असते. ही चूक फार वाईट. कारण पेटीतली रोकड जुळते, वर्षअखेरचा ताळाही जुळतो आणि कुणाला काही कळत नाही. ती सापडते फक्त एकाच रीतीने: मागच्या महिन्याच्या शिलकीवर व्याज किती व्हायला हवं, हे प्रत्येक ओळीला तोंडी करून बघायचं.

(दृश्य: रोकड वही. ताईंचं बोट आकड्यांवरून खाली सरकतं.)

वर्षभरात कर्जावरचं आणि बँकेतल्या बचत खात्यावरचं व्याज मिळून ९०३ रुपये आले. वह्या, शिक्का आणि बँकेत जायचं एसटीचं भाडं, असा खर्च १८० रुपये. उरले ७२३.

एकीचं दोन महिन्यांचं व्याज थकलंय, ते या ७२३ मध्ये धरलेलं नाही. हातात न आलेलं व्याज वाटलं, तर ते दुसऱ्या कुणाच्या तरी बचतीतूनच जातं. 'उमेद' अभियानाकडून ज्या गटांना फिरता निधी मिळतो, त्यांनीही तो वेगळा ठेवायचा. तो गटाचा पैसा आहे, व्याज नाही, त्यामुळे वाटणीत येत नाही.

आता ताळा. दहा जणींची बचत ११,४००, वाटायचं व्याज ७२३, मिळून १२,१२३. इतके पैसे कुठे ना कुठे दिसायलाच हवेत. पेटीत मोजून ४२३. बँकेच्या पासबुकात ३,२००. आणि बायकांकडे असलेल्या कर्जाची बेरीज आली ८,४१०.

९० रुपये कमी.

ओट्यावर एकदम शांतता. अशा वेळी संशय पहिल्यांदा किल्लीवाल्या बाईवर जातो. कितीतरी गट याच क्षणाला फुटतात, आणि खरं तर पैसा कुठेच गेलेला नसतो. ताई फरक नऊने भागून बघतात. भाग बिनबाकी जातो. असं झालं, की बहुतेक वेळा कुठेतरी शेजारशेजारचे दोन अंक उलटे पडलेले असतात. त्या फक्त नवीन पानांच्या पहिल्या ओळी तपासतात, कारण शिल्लक पुढे ओढताना हात चुकतो. चौथ्याच पानावर सापडतं. जुन्या पानाच्या तळाशी २,५४०, नव्या पानाच्या डोक्यावर २,४५०. ताई आकडा पुसत नाहीत. त्यावर एक आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहितात आणि अध्यक्ष, सचिव दोघींची सही घेतात. कर्ज झालं ८,५००. ताळा जुळला.

(दृश्य: दहा पासबुकं ओळीने मांडलेली.)

आता सुनेचा प्रश्न. सारखं वाटलं तर प्रत्येकीला ७२ रुपये ३० पैसे. निम्म्याच्या हिशेबाने तिला साधारण ३८ आणि बाकीच्यांना ७६. ताई दोन्ही नाकारतात आणि वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवतात.

"काकू, तुमचे एप्रिलचे शंभर रुपये बारा महिने गटाच्या कामी आले. मेचे अकरा महिने. जूनचे दहा. असं करत मार्चचे फक्त एक महिना. बारा, अकरा, दहा… एकपर्यंत बेरीज करा."

बेरीज येते ७८.

"आता हिची. ऑक्टोबरचे शंभर सहा महिने, नोव्हेंबरचे पाच…"

ती येते २१. निम्म्याच्याही बरीच खाली. कारण तिचे महिने निम्मे असले, तरी तिच्या पैशाला राबायला मिळालेला वेळ निम्मा नाही. पहिल्या सहा महिन्यांत गटातून जी कर्जं गेली, त्यात तिचा एक रुपयाही नव्हता.

नऊ जणींचे अठ्ठ्याहत्तर म्हणजे ७०२. त्यात २१ मिळवले की ७२३. वाटायचे रुपयेही ७२३. यंदा योगायोगाने एका भागाला बरोबर एक रुपया आला. दुसऱ्या वर्षी रक्कम वेगळी असेल. तेव्हा एकूण व्याजाला एकूण भागांनी भागायचं आणि आलेल्या दराने प्रत्येकीचे भाग गुणायचे. एखादीने मध्येच एक-दोन महिने बचत चुकवली, तर तिचे भागही याच रीतीने आपोआप कमी होतात.

काकू मागचं पान स्वतःकडे ओढून घेतात. बोटांच्या पेरांवर पुन्हा मोजतात. मग सुनेकडे बघून म्हणतात, "बरोबर आहे गं पोरी. पुढल्या साली तुझ्या नव्या बचतीचेही अठ्ठ्याहत्तरच भाग."

रोख कुणी घेत नाही. व्याज ज्याच्या त्याच्या बचतीत जमा करायचं, असा ठराव इतिवृत्त वहीत लिहिला जातो. दहा जणींच्या सह्या, त्यातले दोन अंगठे. नव्या सुनेच्या पासबुकात ताई लिहितात: बचत ६००, व्याज २१, एकूण ६२१. सून तो आकडा दोनदा वाचते आणि पासबुक ओच्यात ठेवते.

उद्या एप्रिलची पहिली तारीख. नव्या वर्षाचे पहिले शंभर रुपये तिने आजच घडी करून आणलेत. ताई हसून परत देतात. "उद्या आण गं. आजची रोकड बंद झाली."