दोघांचा व्हिसा, एकाचा अभ्यास

(मडगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

सुरुवात मी एका नकारानेच करतो, म्हणजे मागच्या रांगेतल्यांचा वेळ वाचेल. मुलगा किंवा मुलगी इंग्लंडमध्ये एक वर्षाचं साधं एमएससी किंवा एमबीए करायला जात असेल, तर नवऱ्याला किंवा बायकोला अवलंबिताच्या व्हिसावर सोबत नेता येत नाही. 1 जानेवारी 2024 पासून सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमांना हा नियम लागू आहे. त्याआधी नेता येत असे, म्हणून शेजारच्या वाड्यावरचं कोणी 2022 साली जोडीने गेलेलं असतं आणि घरात वाद पेटतो की त्यांना जमलं ते आपल्याला का नाही.

आता कोणाला नेता येतं ते पाहू. पीएचडी करणाऱ्याला. संशोधनावर आधारलेली पदव्युत्तर पदवी करणाऱ्याला, ती किमान नऊ महिन्यांची असेल तर. आणि सहा महिन्यांपेक्षा मोठ्या अभ्यासक्रमासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळालेल्याला. यात गोंधळ होतो तो मधल्या गटात. 'आमच्या कोर्सला शेवटी प्रबंध आहे, म्हणजे तो संशोधनाचाच' असं लोक म्हणतात. तसं नाही. अभ्यासक्रमातला संशोधनाचा भाग वर्गातल्या शिकवणीपेक्षा मोठा असावा लागतो, आणि त्यात स्वतःचं मूळ काम सादर करावं लागतं. तीन-चार महिन्यांच्या प्रबंधाने ते साधत नाही. फी भरण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारा की हा अभ्यासक्रम अवलंबितांसाठी पात्र आहे का. एजंटने फोनवर 'हो हो' म्हटलं, त्याला उत्तर समजू नका.

नात्याचा पुरावा आपल्याकडे सोपा वाटतो, पण गोव्यात एक खाचखळगा आहे. आपल्या नोंदणी कार्यालयात दोन सह्या होतात. पहिली सही म्हणजे लग्न करण्याच्या इराद्याची नोंद. लग्न नोंदलं जातं ते दुसऱ्या सहीने. देवळात लग्न लागलं, जेवणावळी झाल्या, फोटो आले, आणि दुसरी सही 'चवथ झाल्यावर करू' म्हणून राहिली, अशी जोडपी मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे अर्जाला जोडायचा दाखलाच नसतो. दुसरी सही आधी उरका, आणि दाखला इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर जोडा.

आता पैशांकडे येऊ, कारण अर्ज बहुतेक इथेच अडतात. एक जोडपं समजा. ती लीड्सला पीएचडीला निघाली आहे, तो वेर्ण्याच्या एका औषध कारखान्यात आहे आणि तिच्यासोबत जाणार आहे. पहिल्या वर्षाची फी भरून झाली आहे, शिष्यवृत्ती नाही. लंडनबाहेरच्या विद्यार्थ्याला 11 नोव्हेंबर 2025 पासून राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी महिन्याला 1,171 पौंड खात्यात दाखवावे लागतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचे. म्हणजे 10,539. जोडीदारासाठी महिन्याला 680, तेही नऊ महिन्यांचे, म्हणजे 6,120. दोघांचे मिळून 16,659 पौंड. पौंड 120 रुपयांना धरला तर वीस लाखांना हजारभरच कमी. लंडनमध्ये हेच आकडे विद्यार्थ्याला 1,529 आणि जोडीदाराला 845 होतात.

हे पैसे खात्यात सलग 28 दिवस राहिले पाहिजेत. एक दिवसही शिल्लक खाली गेली की मोजणी नव्याने सुरू. पैसे 1 जूनला ठेवले तर 28 जूनला 28 दिवस भरतात, आणि त्या तारखेच्या स्टेटमेंटवर 31 दिवसांच्या आत, म्हणजे 29 जुलैपर्यंत अर्ज करायचा. आता त्या जोडप्याने खात्यात नेमके वीस लाख ठेवले. सतराव्या दिवशी गाडीचा हप्ता आपोआप कापला गेला. झालं, पहिले सोळा दिवस वाया! किंवा हप्ता नव्हता, पण अर्जाच्या दिवशी पौंड 122 वर गेला. वीस लाखांचे मग 16,393 पौंडच होतात, 266 कमी पडले. रुपयांचे पौंड oanda.com वरच्या अर्जाच्या दिवशीच्या दराने मोजतात, तुम्ही पैसे ठेवले त्या दिवशीच्या नव्हे. म्हणून मी दहा टक्के जास्त ठेवायला सांगतो, आणि त्या खात्यातून काहीच कापलं जाऊ नये असंही.

आणखी एक रक्कम बाजूला ठेवा, ती या वीस लाखांत धरू नका. आरोग्य अधिभार माणशी वर्षाला 776 पौंड, आणि तो संपूर्ण मुदतीचा एकदम भरायचा. तीन वर्षांच्या पीएचडीला व्हिसा तीन वर्षांपेक्षा थोडा जास्त मिळतो, म्हणून साडेतीन वर्षांचे 2,716 धरले जातात. दोघांचे मिळून साडेसहा लाख रुपये. व्हिसा नाकारला तर हा परत मिळतो, अर्जाची फी मात्र गेली ती गेली.

पैसे कोणाच्या नावावर आहेत, हा सगळ्यांत जास्त दुर्लक्षित प्रश्न. समजा, तिच्या वडिलांनी वीस लाख स्वतःच्या खात्यात ठेवले. तिच्या अर्जाला ते चालतात, जन्मदाखला आणि वडिलांचं संमतीपत्र जोडलं की. पण जावयाच्या अर्जाला सासऱ्याचं खातं चालत नाही. त्याचे 6,120 पौंड त्याच्या, तिच्या किंवा दोघांच्या संयुक्त खात्यात हवेत. इथे आपला गोवेकर उठून सांगतो, 'अहो, आमच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक!' खरं आहे, पण ते नवरा-बायकोपुरतं. ब्रिटिश अधिकारी खात्यावरचं नाव बघतो. वडिलांनी साधारण आठ लाख मुलीच्या बचत खात्यात वळते करायचे, आणि तिथून 28 दिवस मोजायचे. शेअर, म्युच्युअल फंड, सोनं, काजूची बाग यांचा इथे उपयोग नाही. मुदत ठेव चालते, पण ती हवी तेव्हा मोडता येते हे कागदावर दिसायला हवं.

कामाच्या बाबतीत मात्र जोडीदार विद्यार्थ्यापेक्षा सुखी. पीएचडीच्या विद्यार्थ्याला सत्रात आठवड्याला वीस तासांचीच मुभा, जोडीदाराला पूर्ण वेळ नोकरी चालते, स्वतःचा धंदाही चालतो. कंपनीची प्रायोजकता लागत नाही. कामाची परवानगी तपासायला मालक शेअर कोड मागतो, तो आपल्या ऑनलाइन व्हिसा खात्यातून काढून द्यायचा. फक्त मुदत तिच्या व्हिसाला बांधलेली असते. तिने अभ्यास मध्येच सोडला तर त्याची नोकरी कितीही चांगली असो, परवानगी तिच्याबरोबरच संपते.

मागून एक काका विचारताहेत, 'आमचा जावई फुटबॉल शिकवतो, तिकडे चालेल?' नाही काका. एवढं एकच काम बंद आहे. व्यावसायिक खेळाडू म्हणून किंवा प्रशिक्षक म्हणून काम करता येत नाही. हॉटेलात, गोदामात, बँकेत करू द्या. रविवारी मित्रांबरोबर मैदानात उतरला तर कोणी अडवणार नाही, पण शिकवण्याचे पैसे त्याने घेऊ नयेत.