मार्चच्या आधी उधारीची यादी

नमस्कार श्रोतेहो. उत्तरायण झालं, पतंग उतरले, आणि धंदेवाल्या मंडळींच्या वर्षाचे शेवटचे काही आठवडे सुरू झाले. मार्च २०२६ मध्ये संपणाऱ्या या वर्षाचा कर वाचवायचा म्हटलं की लोक विमा आणि गुंतवणुकीचं विचारतात. पण ज्यांचा छोटा कारखाना किंवा वर्कशॉप आहे, त्यांनी आधी आपण कोणाकोणाचे पैसे द्यायचे बाकी आहेत ते बघावं. का, ते एका उदाहरणावरून सांगते.

मकरपुरा जीआयडीसीत शीट मेटलची कपाटं आणि पॅनल बनवणारे एक कारखानदार गेली काही वर्षं माझ्याकडे हिशेब घेऊन येतात. मार्च २०२५ ला त्यांचा नफा साधारण १८ लाख होता. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात बँकेत ११ लाख शिल्लक होते. पोलादाचा व्यापारी रोज फोन करत होता, म्हणून त्यांनी सगळेच्या सगळे ११ लाख त्याला देऊन टाकले. पावडर कोटिंग करून देणाऱ्या शेजारच्या छोट्या कारखान्याचं २ लाख ४० हजारांचं बिल मात्र राहिलं. तो माणूस मवाळ, कधी तगादा लावत नाही. त्याला पैसे दिले १२ एप्रिलला.

माझ्याकडे कागद आले तेव्हा त्या २ लाख ४० हजारांचा खर्च त्या वर्षात धरता आला नाही. ती रक्कम नफ्यात मिळवावी लागली. वरचा टप्पा ३० टक्क्यांचा, त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ७४ हजार ८८० रुपये कर जास्त. हा खर्च पुढच्या वर्षी, ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षी मिळतो, कायमचा बुडत नाही. पण कर आत्ता भरायचा आणि वजावट वर्षभराने, हे छोट्या धंद्याच्या हातातल्या पैशाला जड जातं.

हे कशामुळे झालं? आयकर कायद्याच्या कलम ४३बी मध्ये २०२३ साली एक पोटकलम घातलं गेलं. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं देणं ठरलेल्या मुदतीत दिलं नाही, तर त्याची वजावट प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मिळते. मुदत एमएसएमई कायद्यातली आहे: लेखी करार नसेल तर माल किंवा काम स्वीकारल्यापासून १५ दिवस, करार असेल तर त्यात लिहिलेले दिवस, पण जास्तीत जास्त ४५. करारात ९० दिवस लिहिले तरी ४५ च धरतात. पीएफमधला मालकाचा वाटा किंवा जीएसटीचं देणं रिटर्न भरायच्या तारखेआधी दिलं की चालतं, तशी सवलत इथे नाही. बरेच जण इथेच फसतात.

आमच्या कारखानदारांचं काम ४ फेब्रुवारीला पूर्ण होऊन आलं होतं. करार नव्हता, म्हणजे १९ फेब्रुवारीला मुदत संपली. पण नीट ऐका, मुदत संपली असली तरी ३१ मार्चपर्यंत पैसे दिले असते तर त्याच वर्षी खर्च मिळाला असता. ११ लाखांतले २ लाख ४० हजार आधी कोटिंगवाल्याला आणि उरलेले ८ लाख ६० हजार व्यापाऱ्याला दिले असते, तरी प्रश्न सुटला असता. कारण पोलादाचा व्यापारी निव्वळ खरेदी-विक्री करतो. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा फायदा बँकेच्या प्राधान्य कर्जापुरताच, म्हणून त्यांच्या बिलाला हा नियम आम्ही लावत नाही. जो ओरडत होता त्याचं थांबलं असतं तर चाललं असतं. जो गप्प होता त्याचं थांबायला नको होतं.

मी विचारलं, बिल का थांबवलंत? म्हणाले, "ताई, वीस-पंचवीस पॅनलचा रंग कोपऱ्यांवर सुटत होता. मी फोनवर सांगितलं होतं त्याला." इथे कायदा लेखी हरकत मागतो, तीही माल मिळाल्यापासून १५ दिवसांत. तसं पत्र किंवा ईमेल असता तर हरकत दूर झाल्याच्या दिवसापासून मुदत मोजली गेली असती. फोनवरच्या बोलण्याचा पुरावा नाही, म्हणून माल स्वीकारलाच असं धरलं जातं.

आता तुम्ही काय करायचं? याच आठवड्यात टॅलीतून सन्ड्री क्रेडिटर्सची यादी काढा. ज्यांच्याकडून माल किंवा जॉबवर्क घेता त्या प्रत्येकाकडे उद्यम प्रमाणपत्र मागा. नंबर UDYAM-GJ ने सुरू होत असेल तर तो गुजरातमधला. प्रमाणपत्रावर दोन गोष्टी बघा: उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम, आणि काम उत्पादनाचं, सेवेचं की व्यापाराचं. मध्यम उद्योगाला हा नियम नाही. एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढल्या आहेत. आता १०० कोटींपर्यंत उलाढाल आणि २५ कोटींपर्यंत यंत्रांची गुंतवणूक असलेलाही लघु उद्योगात येतो. म्हणून "तो तर मोठा आहे" असं अंदाजाने धरू नका.

नेहमीच्या जॉबवर्कवाल्यांशी ४५ दिवसांचा करार आत्ता लिहून घ्या. तो पुढच्या कामांना लागू होईल, मागची तारीख टाकून काही साधत नाही. असा करार असेल तर २५ फेब्रुवारीला आलेल्या कामाचे पैसे ११ एप्रिलपर्यंत दिले तरी खर्च याच वर्षी मिळतो. करार नसेल तर २० मार्चच्या कामाला ४ एप्रिलपर्यंतच वेळ. यादीत प्रत्येक बिलासमोर ही शेवटची तारीख पेन्सिलने लिहा, आणि ३१ मार्चच्या आत ज्यांची मुदत संपते त्यांचे पैसे आधी बाजूला काढा. शेवटच्या दिवशी चेक देण्यापेक्षा दोन-तीन दिवस आधी एनईएफटी करा, म्हणजे तारखेवरून वाद होत नाही.

१५ मार्चला आगाऊ कराचा शेवटचा हप्ता असतो. तो काढतानाच ही यादी जवळ ठेवा. मुदत संपलेलं जे देणं ३१ मार्चपर्यंत जमणारच नाही, ते नफ्यात मिळवून कर काढा. नाहीतर नंतर कर भरताना व्याजही भरावं लागतं. जे ४४एडी खाली उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवतात, त्यांचा कर या नियमामुळे वाढत नाही, पण त्यांनाही १५ मार्चपर्यंत पूर्ण आगाऊ कर भरायचा असतो. छोट्या उद्योगाला उशिरा दिलेल्या पैशांवरचं व्याज मात्र त्यांनाही चुकत नाही. ते बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ, आणि त्याची वजावट कोणालाच मिळत नाही.

कर वाचावा म्हणून मार्चमध्ये घाईने यंत्र घेणाऱ्यांना एवढंच सांगते की १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर घसारा अर्धाच मिळतो. १० लाखांच्या यंत्रावर १५ टक्क्यांऐवजी साडेसात, म्हणजे ७५ हजार. तेही यंत्र ३१ मार्चपर्यंत चालू झालं असेल तरच. खोक्यात पडून असेल तर काही नाही.

आणि हो, तुम्ही स्वतः माल बनवून मोठ्या गिऱ्हाइकाला देत असाल, तर आपला उद्यम नंबर बिलावर छापा आणि फेब्रुवारीतच त्यांच्या अकाउंट्स खात्याला पत्र पाठवा. तुमचं बिल राहिलं तर त्यांचाही खर्च अडकतो, हे त्यांना कळू द्या. आमच्या त्या कारखानदारांनी यंदा तेच केलं आहे. त्यांना येणं आहे ६ लाख, आणि त्यातूनच कोटिंगवाल्याचं बिल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात द्यायचं त्यांनी ठरवलं आहे. नमस्कार.